चर्चासत्र अहवाल (विद्यार्थिलिखित)

चर्चासत्राला उपस्थित राहिलेल्या विद्यार्थ्याने आपल्या विभागासाठी लिहिलेला लेखी अहवाल. त्यात व्याख्यानांचा सारांश असतो आणि त्यांतून लिहिणाऱ्याला स्वतःला काय मिळाले याची नोंद असते. तो वृत्तांतापेक्षा वेगळा असतो. वृत्तांतात कार्यक्रम कसा झाला, कोण आले, कोणी आभार मानले हे येते, तर अहवालात काय सांगितले गेले ते येते. तारीख, स्थळ, विषय आणि वक्त्यांची नावे यांना सुरुवातीचा एक परिच्छेद पुरतो. प्रत्यक्षात अनेक अहवालांची निम्मी जागा स्वागत-सत्कारातच संपते.

सारांशाचा पाया म्हणजे व्याख्यान चालू असताना घेतलेली टिपणे. पडद्यावर दिसणारे मुद्दे उतरवून घेणे सोपे असते, पण पडद्यावर बहुधा मथळे असतात आणि युक्तिवाद वक्त्याच्या बोलण्यात असतो. म्हणून टिपणात ‘पण’, ‘म्हणून’, ‘याला अपवाद’ असे सांधे टिपलेले असावे लागतात. ही टिपणे त्याच दिवशी सलग वाक्यांत उतरवली नाहीत, तर दोन-तीन दिवसांनी आकडे वाचता येतात, पण ते कशासाठी सांगितले होते ते आठवत नाही.

समजा, संख्याशास्त्रावरील व्याख्यानात वक्त्या बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे 1973 मधील पदव्युत्तर प्रवेशांचे प्रसिद्ध उदाहरण देतात. अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे 44 टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी सुमारे 35 टक्क्यांना. एखादा विद्यार्थी एवढे टिपून घेतो आणि अहवालात लिहितो : ‘या विद्यापीठात स्त्रियांना डावलले जात होते, हे वक्त्यांनी सिद्ध केले.’ आकडे बरोबर आहेत, पण सारांश उलटा झाला आहे. कारण व्याख्यानाचा मुद्दा पुढेच होता. विभागवार पाहिले की ही तफावत जवळजवळ नाहीशी होते. जिथे प्रवेश मिळणेच अवघड, अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज अधिक प्रमाणात गेले होते. एकत्रित आकडा एक सांगतो आणि गटवार आकडे दुसरेच, याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. नीट सारांश असा होईल : ‘एकत्रित टक्केवारीवरून प्रवेश देताना पक्षपात झाल्याचे वाटते, पण विभागवार आकडे त्याला दुजोरा देत नाहीत, असे वक्त्यांनी दाखवले. अर्ज करण्याआधीच्या टप्प्यांवर भेदभाव होता की नाही, हे या आकड्यांवरून ठरत नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले.’ शेवटची मर्यादा गाळली, तर सारांश पुन्हा वक्त्याच्या म्हणण्यापलीकडे जातो.

क्रियापदाची निवडही इथेच महत्त्वाची ठरते. ‘सिद्ध केले’, ‘दाखवले’, ‘सुचवले’ आणि ‘मत मांडले’ यांचे वजन सारखे नाही. वक्त्याने अंदाज म्हणून सांगितलेली गोष्ट ‘सिद्ध’ झाली, की अहवाल चुकतो. मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘की’ नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे येऊ शकतात. ‘वक्त्यांनी सांगितले, की आम्ही ही चाचणी तीनदा घेतली’ या वाक्यातले ‘आम्ही’ कोण? वाचणाऱ्याला ते अहवाल लिहिणारे विद्यार्थी वाटू शकतात. ‘आपल्या गटाने ही चाचणी तीनदा घेतल्याचे वक्त्यांनी सांगितले’ असे लिहिले, की शंका उरत नाही. प्रश्नोत्तरांत श्रोत्याने मांडलेला आक्षेप वक्त्याच्या नावावर जाणे, ही याच जातीची चूक.

‘मी काय शिकलो’ हा भाग स्वतंत्र मथळ्याखाली ठेवतात, कारण सारांशात मिसळलेले स्वतःचे मत वक्त्याचे म्हणून वाचले जाते. सर्वांत पोकळ लिखाणही याच भागात सापडते. ‘खूप काही शिकायला मिळाले, ज्ञानात मोलाची भर पडली’ हे वाक्य कोणत्याही व्याख्यानाखाली चिकटवता येते, आणि तीच त्याची परीक्षा : परिच्छेद उचलून दुसऱ्या व्याख्यानाखाली ठेवला आणि तिथेही तो बसला, तर तो रिकामा आहे. वरच्या व्याख्यानानंतरची खरी नोंद अशी असू शकते : ‘माझ्या प्रकल्पात मी पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची उत्तरे एकत्र करून सरासरी काढली होती. दोन्ही गट वेगळे केल्यावर, ग्रंथालयाचा वापर आणि गुण यांत मला दिसलेला संबंध पहिल्या वर्षात आढळला नाही. तिसऱ्या वर्षाची उत्तरे कमी असल्याने त्या गटाबद्दल अजून काही म्हणता येत नाही.’ इथे आधीची समजूत, तिला लागलेला धक्का आणि त्यानंतर केलेले काम, तिन्ही दिसतात. न कळलेला भागही या मथळ्याखाली मोकळेपणाने लिहिता येतो. ‘विभागवार पाहायचे हे कळले, पण गट कोणत्या आधारावर पाडायचे ते कळले नाही’ या एका ओळीवरून वाचणाऱ्या शिक्षकाला पुढच्या तासाचा विषय मिळू शकतो.