आधी कोणत्या खाटेकडे?

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मूलतत्त्वं शिकवताना मी नाशिकच्या आमच्या वर्गात एक केस देते. सर्जरीचा वॉर्ड, रात्रपाळी, आठ वाजलेत. दिवसपाळीची सिस्टर हँडओव्हर देऊन गेली आहे. चार पेशंट तुमच्याकडे आहेत आणि मदतीला एक मावशी.

पहिल्या खाटेवर निफाडकडचे बासष्ट वर्षांचे बाबा. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेत, पण चाळीस वर्षं बिडी ओढल्यामुळे फुप्फुसाचा जुना आजार, म्हणजे सीओपीडी, आहे. नाकातल्या नळीतून मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन चालू आहे. ऑक्सिमीटर 90 टक्के दाखवतो, श्वास मिनिटाला 22. बसून भाकरी खातायत.

दुसऱ्या खाटेवर सिन्नरच्या अडतीस वर्षांच्या ताई. दुपारी दोनला थायरॉइडचं ऑपरेशन झालं. ऑक्सिजन 97 टक्के, नाडी 104, गळ्यावरची पट्टी समोरून कोरडी. "अजून एक उशी द्या ना, गळ्याला आवळल्यासारखं होतंय," एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या.

तिसऱ्या खाटेवर चोवीस वर्षांचा मुलगा. आडगाव नाक्याजवळ दुचाकी घसरली, नडगीचं हाड मोडलं, संध्याकाळी प्लास्टर घातलं. तो ओरडतोय, अख्खा वॉर्ड त्याच्याकडे बघतोय आणि त्याचा भाऊ टेबलाशी येऊन हुज्जत घालतोय.

चौथ्या खाटेवर पेठ तालुक्यातल्या सत्तरीच्या आजी. उद्या पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. मुलगा अजून आला नाही म्हणून रडतायत आणि खाटेवरून पाय खाली सोडून उतरू बघतायत.

आधी कुणाकडे जाल?

बहुतेक उत्तरपत्रिकांत पहिलं नाव बाबांचं असतं, कारण 90 हा आकडा बोचतो. दुसरं नाव ओरडणाऱ्या मुलाचं. ताई साधारण शेवटच्या, कारण 97 टक्के आणि मागणी काय, तर उशीची. माझ्या मते नर्सला क्रम लावायला शिकवण्यातली सगळी अडचण या एका उत्तरात आहे.

विद्यार्थ्यांच्या हातात दोन साधनं असतात. एक म्हणजे अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1943 मध्ये मांडलेली गरजांची उतरंड: आधी शरीराच्या गरजा, मग सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मान आणि सगळ्यात वर स्वतःमधल्या क्षमता फुलवणं. पुस्तकात ती त्रिकोणाच्या चित्रात छापतात. मॅस्लोच्या मूळ निबंधात तसा त्रिकोण नाही आणि त्यांनी हा क्रम ताठर नसल्याचंही लिहिलं होतं. ते माणसाला काय हवं असतं याबद्दल बोलत होते, वॉर्डबद्दल नाही. नर्सिंगने ती मांडणी उसनी घेतली.

उसनवारीत एक अडचण येते. आपल्या चौघांपैकी तिघांच्या तक्रारी तळाच्याच पायरीवर बसतात. हवा, अन्न, झोप, वेदनेपासून सुटका, सगळं शरीराच्या गरजांत येतं. मग त्या पायरीच्या आत क्रम कसा लावायचा? तिथे दुसरं साधन लागतं, एबीसी: एअरवे म्हणजे श्वासाचा मार्ग, ब्रीदिंग म्हणजे श्वास, सर्क्युलेशन म्हणजे रक्ताभिसरण. या क्रमामागे घड्याळ आहे. मार्ग पूर्ण बंद झाला तर मेंदूच्या पेशी चार-सहा मिनिटांत मरू लागतात. मार्ग मोकळा आहे पण श्वास अपुरा पडतोय, तर बहुधा थोडा अधिक वेळ मिळतो. रक्तदाब हळूहळू घसरत असेल तर शरीर आणखी काही काळ तोल सांभाळतं. जे सगळ्यात लवकर मारतं ते सगळ्यात आधी बघायचं. याला अपवाद आहेत. हृदय बंद पडलं असेल तर 2010 पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनने छाती दाबणं पहिलं ठेवलं आहे, आणि अपघातात रक्ताची धार लागली असेल तर आधी ती थांबवायची. कारण तिथे घड्याळ वेगळं चालतं.

आता ताईंकडे वळू. थायरॉइड श्वासनलिकेला बिलगून असते. ऑपरेशननंतर एखादी रक्तवाहिनी पुन्हा वाहू लागली, तर रक्त मानेतल्या बंद जागेत साठतं. हे बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत होतं, त्यातही पहिले काही तास जास्त धोक्याचे. साठलेल्या रक्ताचा दाब आधी शिरांवर येतो. वरून येणारं रक्त तुंबतं आणि स्वरयंत्राचं अस्तर आतून सुजतं. म्हणजे मार्ग बाहेरच्या दाबाने अरुंद होतो, त्याहून जास्त आतल्या सुजेने. नळीची त्रिज्या निम्मी झाली की संथ वाहत्या हवेला होणारा अडथळा सोळापट होतो, कारण त्रिज्या कमी होते तसा तो तिच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. म्हणून बिघाड आधी रेंगाळतो आणि मग एकदम कोसळतो.

मग ऑक्सिमीटर 97 का दाखवतो? द्राक्षबागेतल्या ठिबकच्या नळीत गाळ साचला तरी मोटर जोर लावून शेवटच्या वेलीपर्यंत पाणी पोचवत राहते. वेल हिरवी आहे म्हणून नळी मोकळी आहे असं म्हणता येत नाही. ऑक्सिमीटर बोटात पोचलेला ऑक्सिजन मोजतो, तो पोचवायला छातीला किती कष्ट पडतायत ते मोजत नाही. स्नायू थकले की आकडा घसरतो, आणि तोवर हातात फार थोडा वेळ उरलेला असतो. श्वास घेताना येणारा चिरका आवाज, म्हणजे स्ट्रायडर, हेही उशिराचंच लक्षण. लवकरची लक्षणं साधी असतात: गिळायला त्रास, अस्वस्थपणा, वाढलेली नाडी, श्वासाचा वाढता वेग, गळ्याला फुगवटा, उठून बसावंसं वाटणं. ताईंना उशी हवी होती ती याच कारणाने.

हँडओव्हरच्या कागदात एक रकाना मी मुद्दाम रिकामा ठेवते: ताईंच्या श्वासाचा वेग. तो कुणी विचारला तर मला फार बरं वाटतं. तो मिनिटभर घड्याळ लावून मोजायचा असतो, आणि वॉर्डात घाईत सर्रास अंदाजाने लिहिला जातो.

ताईंच्या खाटेपाशी गेल्यावर करायचं काय? त्यांना बोलतं करायचं. भुलीच्या नळीमुळे आवाज थोडा बसणं नेहमीचं आहे, पण तासाभरापूर्वीपेक्षा तो बदललाय का, वाक्य एका दमात पुरं होतंय का, हे ऐकायचं. पट्टी समोरून कोरडी आहे यावर थांबायचं नाही. झोपलेल्या माणसाचं रक्त ओघळून मानेच्या मागे जातं, म्हणून हात मागे घालून बघायचा. मग पट्टी सोडून गळा उघड्यावर बघायचा: फुगलाय का, घट्ट लागतोय का. शंका आली की ताईंना बसतं करायचं, ऑक्सिजन लावायचा आणि त्यांना सोडून न जाता सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना हाक द्यायची. टाके उघडायचं साहित्य खाटेशीच असलं पाहिजे. ब्रिटनमधल्या तज्ज्ञ संघटनांच्या 2022 च्या मार्गदर्शनात तर श्वास कोंडत असेल तर ऑपरेशन थिएटरची वाट न बघता प्रशिक्षित माणसाने खाटेवरच जखम उघडून साठलेलं रक्त मोकळं करावं, असं सांगितलं आहे.

बाबांचा 90 मग दुर्लक्षायचा का? नाही, पण तो बाबांच्या मापाने वाचायचा. सीओपीडीच्या ज्या रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो त्यांच्यासाठी 88 ते 92 टक्के हेच लक्ष्य धरतात. बाबा काल आणि परवाही 90 वरच होते आणि जेवता जेवता बोलतायत. त्यांचा ब्रीदिंगचा प्रश्न जुना आणि ठरलेला आहे. ताईंचा एअरवेचा प्रश्न नवा आणि वाढता आहे. एबीसी आजाराच्या नावाला लावायचं नसतं, आत्ता चाललेल्या बदलाला लावायचं असतं. काही विद्यार्थी बाबांचा ऑक्सिजन सहा लिटरवर नेऊन आकडा 98 करतात. त्याने कार्बन डायऑक्साइड साठू शकतो आणि बाबा गुंगीत जाऊ शकतात. आकडा सुधारलेला दिसेल आणि पेशंट बिघडलेला असेल.

ओरडणाऱ्या मुलाबद्दल वर्गात दोन टोकं दिसतात. काहींना तो पहिला वाटतो. ज्यांनी एबीसी पाठ केलंय ते "दुखणं एबीसीत नाही" म्हणून त्याला शेवटी टाकतात. दोन्हीत चूक आहे. नडगी मोडल्यावर स्नायूंच्या बंद कप्प्यात सूज वाढून रक्त आत शिरेनासं होऊ शकतं, याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. तसं असेल तर हा सर्क्युलेशनचा प्रश्न, फक्त एका पायापुरता. सहाएक तासांत स्नायूंचं कायमचं नुकसान होऊ शकतं. ओळखायचं कसं? इंजेक्शन देऊनही वेदना वाढत जाते, पायाची बोटं हलकेच ताणली की तो किंचाळतो, बोटांत मुंग्या येतात. पायाची नाडी लागते म्हणून निश्चिंत होता येत नाही, ती बराच वेळ लागत राहते. अशा वेळी पाय उशीवर उंच न ठेवता हृदयाच्या पातळीला ठेवायचा आणि प्लास्टर कापण्यासाठी डॉक्टरांना लगेच बोलवायचं. तेव्हा मुलगा दुसरा. त्याच्या आवाजामुळे नव्हे, बोटं तपासेपर्यंत काहीच सांगता येत नाही म्हणून.

आजींची भीती खरी आहे, पण मॅस्लोच्या उतरंडीत त्यांचं रडणं आपलेपणाच्या पायरीवर येतं आणि खाटेवरून उतरणं सुरक्षिततेच्या. सत्तरीत खुब्याचं हाड मोडलं तर उद्याचं ऑपरेशन राहील बाजूला. क्रमात त्या ताईंच्या मागे आहेत, तरी त्यांची सोय सगळ्यात आधी होते, कारण तिला एक वाक्य पुरतं: "मावशी, आजींजवळ बसा, कठडा वर करा आणि त्यांच्या मुलाला फोन लावून द्या." हे ताईंच्या खाटेकडे जाता जाता बोलायचं. स्वतःच्या हाताने करायची कामं आणि दुसऱ्याला सांगता येणारी कामं यांचा क्रम वेगळा लागतो, हे उतरंडीच्या चित्रात दिसत नाही. मावशीला पेशंट तपासायला मात्र सांगायचं नाही. ते काम तिचं नाही.

उत्तरपत्रिका तपासताना मी नुसत्या क्रमाला अर्धेच गुण देते. उरलेले अर्धे एका जोडप्रश्नाला: काय दिसलं तर हा क्रम बदलाल? ताईंचा गळा मऊ लागला, आवाज तसाच आहे, श्वास मिनिटाला 16, गिळता येतंय; आणि तेवढ्यात मुलाचा भाऊ येऊन सांगतो की बोटं बधिर झालीत. अशा वेळी ताईंना बसतं करून, काय झालं तर दाबायची घंटा त्यांच्या हातात देऊन आणि दहा मिनिटांत पुन्हा बघायचं ठरवून मुलाकडे जायचं. गळा मऊ नसेल, तर तिथूनच हाक मारून मुलासाठी दुसरी सिस्टर मागवायची.

गेल्या खेपेला एका विद्यार्थिनीने या प्रश्नाखाली लिहिलं होतं की बाबांची भाकरी संपल्यावर त्यांचा श्वास पुन्हा मोजेन, कारण खाता खाता मोजलेल्या 22 वर तिचा भरवसा नव्हता. तिला मी पूर्ण गुण दिले.