संदर्भछायाचित्रे आणि कॉपीराइट

चित्र, रांगोळी, शिल्प किंवा टॅटू करताना कलाकार समोर जो फोटो ठेवतो त्याला संदर्भछायाचित्र किंवा नुसते ‘रेफरन्स’ म्हणतात. हा फोटो पुष्कळदा दुसऱ्याचा असतो आणि तो इंटरनेटवरून उतरवून घेतलेला असतो. भारतात अशा फोटोला कॉपीराइट कायदा, १९५७ लागू होतो. या कायद्यात फोटो ही कलाकृती मानली जाते, मग तिच्यात कलात्मक दर्जा असो वा नसो, आणि फोटो काढणारी व्यक्ती तिची कर्ती ठरते. हक्क फोटो काढताच निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, फोटोवर नावाचा शिक्काही लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी फोटोची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षे होती. आता ती छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे चालते.

माध्यम बदलले की हक्क संपतो, हा समज चुकीचा आहे. कलाकृतीची कोणत्याही भौतिक रूपात प्रतिकृती करण्याचा हक्क कॉपीराइटच्या मालकाकडे असतो आणि सपाट कृतीवरून त्रिमितीय वस्तू घडवणेही त्यात येते. म्हणून फोटोवरून केलेले तैलचित्र, रांगोळी किंवा मातीचा पुतळा ही प्रतिकृती ठरू शकते. ‘तीस टक्के बदलले की चालते’ असे चित्रकारांमध्ये सर्रास सांगितले जाते, पण कायद्यात असा टक्का कुठेही नाही.

मग फोटोतले नेमके काय राखलेले असते? आषाढी वारीचे उदाहरण घेऊ. दिवे घाटात पावसात डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चाललेली वारकरी स्त्री हा विषय कोणाच्याच मालकीचा नाही. शंभर छायाचित्रकारांनी ती टिपावी, हजार चित्रकारांनी रंगवावी. पण एका फोटोत छायाचित्रकाराने खाली बसून कॅमेरा वर रोखला आहे, मागची दिंडी धूसर ठेवली आहे, डाव्या गालावर ढगातून उतरलेला उजेड पकडला आहे आणि वृंदावनाचा वरचा काठ चौकटीत कापला आहे. ही निवड त्याची आहे. चित्रात तोच कोन, तीच चौकट आणि पदराच्या त्याच चुण्या आल्या तर विषयाबरोबर मांडणीही उचलली गेली. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच रेघ आखली आहे: कल्पनेवर हक्क नसतो, अभिव्यक्तीवर असतो, आणि दोन्ही कृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असे निःसंशय वाटले तर उल्लंघन होते. म्हणून ‘वारकरी बाईंचा फोटो मी आधी काढला होता’ एवढ्यावर छायाचित्रकाराची तक्रार टिकणार नाही.

नक्कल ओळखण्याची साधी रीत म्हणजे चित्राचा फोटो पन्नास टक्के पारदर्शक करून मूळ फोटोवर ठेवणे. कलाकाराने प्रतिमा उलटवली असण्याची शक्यता असते, म्हणून एकदा आडवी पलटवूनही पाहावी. चेहऱ्याच्या रेषा जुळणे हा पुरावा कच्चा, कारण चेहरा त्याच व्यक्तीचा आहे. अपघाती गोष्टी जुळल्या तर तो पक्का: नाकाखालच्या सावलीची कड, उडालेली एक बट, चौकटीने कापलेले बोट, लांब लेन्समुळे जवळ आलेली मागची डोंगरकड. छायाचित्रकाराने रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, आणि त्याच क्षणाचे आधीनंतरचे फोटो जपून ठेवावेत. समाजमाध्यमांवर चढवलेल्या प्रतीतून तारीख आणि कॅमेऱ्याची माहिती बहुधा पुसली जाते, त्यामुळे ती प्रत पुरावा म्हणून दुबळी असते.

परवानगी कोणाकडे मागायची हे ठरवताना बऱ्याचदा गफलत होते. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा, म्हणजे लग्नाच्या किंवा स्टुडिओतल्या फोटोचा, पहिला हक्क करारात वेगळे नसेल तर ग्राहकाचा असतो. आजोबांच्या स्टुडिओतल्या फोटोवरून व्यक्तिचित्र करायचे तर घरच्यांचा होकार पाहावा. वृत्तपत्राच्या नोकरीत काढलेल्या फोटोचा प्रकाशनापुरता हक्क मालकाकडे आणि इतर उपयोगांचा हक्क छायाचित्रकाराकडे राहतो, पण नेमणुकीच्या करारात बहुधा वेगळे लिहिलेले असते, म्हणून विचारावे दोघांनाही. फोटोतल्या व्यक्तीची संमती हा याहून वेगळा प्रश्न आहे. छायाचित्रकाराच्या होकाराने तो सुटत नाही.

खाजगी वापर, अभ्यास आणि समीक्षा यांना कायद्यात सूट आहे. घरी सरावासाठी फोटोवरून रंगवणे यात बसते. तेच चित्र विकणे, त्याच्या प्रिंट काढणे किंवा दिनदर्शिकेसाठी देणे बसत नाही. स्पर्धेला पाठवतानाही सांभाळावे. लक्झेंबर्गमध्ये एका चित्रकाराने छायाचित्रकार जिंगना झांग यांच्या फोटोची आडवी पलटवलेली आवृत्ती रंगवून २०२२ मध्ये बक्षीस मिळवले. खालच्या न्यायालयाने झांग यांचा दावा फेटाळला, पण मे २०२४ मध्ये अपिलात त्या जिंकल्या.

छायाचित्रकाराने मोबदल्याची काय अपेक्षा ठेवावी, हे अमेरिकी छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांच्या प्रकरणातून स्पष्ट दिसते. त्यांनी १९८१ मध्ये गायक प्रिन्स यांचा फोटो काढला. १९८४ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ या मासिकाने तो चित्रासाठी संदर्भ म्हणून ४०० डॉलरला घेतला, अट होती एकदाच वापर आणि सोबत नाव. ते चित्र करणारे चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी मात्र त्यावरून १६ कृती केल्या. २०१६ मध्ये प्रिन्स यांच्या निधनानंतर त्यांतली एक कृती मासिकाच्या प्रकाशकाने वॉरहॉल फाउंडेशनकडून १०,००० डॉलरला घेऊन छापली. गोल्डस्मिथ यांना ना पैसे मिळाले, ना श्रेय. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. मूळ फोटो आणि ती कृती दोन्ही प्रिन्सवरच्या लेखासोबत छापायला दिल्या जात होत्या, म्हणजे बाजार एकच होता, हा निकालाचा गाभा. त्या १६ कृती घडवणे किंवा भिंतीवर लावणे गैर होते की नाही, यावर न्यायालयाने मत दिले नाही. निकाल अमेरिकेचा आहे आणि भारतातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही; पण परवानगीची चिठ्ठी काटेकोर असेल तर ३२ वर्षांनंतरही कामी येते, हे त्यातून कळते.

भारतात अशी परवानगी लेखी घ्यावी लागते. तिच्यात फोटोची ओळख, किती मूळ चित्रे, प्रिंटच्या प्रतींची मर्यादा, समाजमाध्यमांवर दाखवण्याची मुभा, श्रेयाचे शब्द, मोबदला, मुदत आणि प्रदेश हे सारे लिहावे. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत धरतो. परवानगी घेऊन वर्षभर काहीच केले नाही तर, करारात वेगळे नसल्यास, ती संपते. सावकाश काम करणाऱ्या चित्रकाराने हे कलम विसरू नये. मोफत परवानगी देतानाही छायाचित्रकाराने श्रेय मागावे, कारण कर्तेपण सांगण्याचा हक्क कॉपीराइट विकल्यावरही त्याच्याकडेच राहतो.

विकिमीडिया कॉमन्सवरचे फोटो ‘मुक्त’ असले तरी बिनशर्त नसतात. तिथले पुष्कळ फोटो क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे CC, या तयार परवान्यांखाली असतात. CC BY असेल तर नाव, परवान्याचा उल्लेख आणि बदल केल्याची नोंद हवी. CC BY-SA असेल तर फोटोवर बेतलेले चित्रही त्याच परवान्याखाली खुले करावे लागते, म्हणजे त्याच्या प्रिंट दुसऱ्यानेही काढायला हरकत घेता येत नाही. इतरत्र फोटोच्या परवान्यात ND, म्हणजे ‘बदल करून नवी कृती नको’, असे दिसले तर त्यावर बेतलेले चित्र प्रसिद्ध करता येत नाही.

उल्लंघन आढळल्यास आधी चित्रकाराला दोन्ही प्रतिमा जोडून लेखी कळवावे आणि नेमके हवे ते मागावे: श्रेय, ठरावीक रक्कम किंवा विक्री थांबवणे. बहुतेक प्रकरणे इथेच मिटतात. चित्र संकेतस्थळावर असेल तर कॉपीराइट नियम, २०१३ नुसार लेखी तक्रारीनंतर ३६ तासांत ते रोखायचे असते. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा खुले होऊ शकते. पुढे दिवाणी दाव्यात मनाई, भरपाई आणि नफ्याचा हिशेब मागता येतो. जाणूनबुजून केलेले उल्लंघन हा गुन्हाही आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसेल तर न्यायालय किमान शिक्षेहून कमी शिक्षा देऊ शकते.