मीटर ब्रिजच्या काट्याला शून्यावर का आणायचं?

बारावीच्या प्रॅक्टिकलला अज्ञात रोध मोजायचा मीटर ब्रिज पुढ्यात आला की सगळ्यांचं लक्ष गॅल्व्हानोमीटरच्या काट्याकडे असतं. जॉकी तारेवर इथे टेकव, तिथे टेकव, आणि काटा शून्यावर आला की मोजपट्टीवरचा आकडा लिहून घे. इतर उपकरणांत काटा किती सरकला ते आपण वाचतो. इथे तो अजिबात सरकू नये अशी आपली धडपड असते. ही उलटी रीत बॅटरीच्या एका जुन्या दुखण्यातून आली. ते दुखणं समजलं की जर्नलमधल्या बहुतेक दक्षता पाठ कराव्या लागत नाहीत.

कलोनच्या एका शाळेत शिकवणारा जॉर्ज ओम १८२५ च्या सुमारास वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून विद्युतधारा सोडून तिचा परिणाम मोजत होता. त्याच्याकडच्या विद्युतघटाचा जोर जोडल्याक्षणी जास्त असे आणि मग उतरत जाई. लांब तारेमुळे धारा किती कमी झाली आणि घट थकल्यामुळे किती, हे वेगळं करता येत नव्हतं. त्यामुळे त्याचं पहिलं सूत्र चुकलं. पोगेनडॉर्फ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून त्याने घट बाजूला ठेवला आणि बिस्मथ व तांबे यांच्या सांध्यांमधल्या तापमानाच्या फरकावर चालणारा स्थिर स्रोत वापरला. तेव्हा कुठे नियम हाती आला, आणि १८२७ मध्ये तो ग्रंथरूपाने छापला गेला.

पण प्रत्येक प्रयोगशाळेत एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवून बसणं कोणाला परवडणार? त्यापेक्षा घटाच्या चढउताराचा उत्तरावर परिणामच होणार नाही अशी जोडणी हवी होती. ती १८३३ मध्ये सॅम्युअल हंटर ख्रिस्टी याने मांडली. तो इंग्लंडमध्ये वूलिचच्या लष्करी अकादमीत गणित शिकवत असे आणि वेगवेगळ्या धातूंच्या तारा एकमेकींशी ताडून पाहत होता. त्याच्या निबंधातल्या त्या चौकटीकडे दहा वर्षं फारसं कोणी पाहिलं नाही. १८४३ मध्ये चार्ल्स व्हीटस्टनने रॉयल सोसायटीपुढे ती पुन्हा मांडली आणि मूळ कल्पना ख्रिस्टीची असल्याचं स्वतः नमूद केलं. तरी नाव पडलं व्हीटस्टन ब्रिज. व्हीटस्टनने श्रेय दिलं होतं, ते राखलं नाही नंतरच्यांनी. म्हणून ख्रिस्टीचं नाव वर्गात एकदा तरी घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

चौकटीतलं मर्म साधं आहे. धारा दोन वाटांनी जाते आणि दोन्ही वाटांवर विभव हळूहळू उतरत जातो. दोन्हींवर सारख्याच विभवाचे बिंदू शोधून ते गॅल्व्हानोमीटरने जोडले, तर त्यातून धारा वाहत नाही. घट निम्मा उतरला तर दोन्ही बिंदूंचं विभव सारख्याच प्रमाणात उतरतं, आणि काटा शून्यावरच राहतो. उरतं ते रोधांचं गुणोत्तर.

मीटर ब्रिजमध्ये चौकटीच्या चार बाजूंपैकी दोन बाजू म्हणजे एकच सरळ तार असते. सगळीकडे सारख्या जाडीची ही एक मीटर लांब तार लाकडी फळीवर ताणलेली असते आणि जॉकी तिचे दोन भाग करते. तार एकसमान असेल तर त्या भागांच्या रोधांचं गुणोत्तर त्यांच्या लांबींच्या गुणोत्तराएवढंच असतं. तारेच्या दर सेंटिमीटरचा रोध किती हे कळण्याचीही गरज राहत नाही. चौकटीच्या उरलेल्या दोन बाजू तांब्याच्या पट्ट्यांमधल्या दोन खाचांत बसतात. अज्ञात रोध X ज्या बाजूच्या खाचेत आहे, त्या बाजूच्या टोकापासून संतुलन बिंदूपर्यंतची लांबी l धरली तर

X = R × l / (100 − l)

इथे R म्हणजे दुसऱ्या खाचेतल्या रोधपेटीचा रोध. X म्हणून कॉन्स्टंटन या मिश्रधातूची ८० सेंटिमीटर तार घेतली तर नोंदी साधारण अशा मिळतात. X आधी डाव्या खाचेत ठेवायचा आणि मग उजव्या. l दोन्ही वेळा X च्याच टोकापासून मोजायची.

| R (ओहम) | l, X डावीकडे (सेंमी) | l, X उजवीकडे (सेंमी) | सरासरी l (सेंमी) | X (ओहम) |
|---|---|---|---|---|
| २ | ६३.१ | ६३.३ | ६३.२० | ३.४३ |
| ३ | ५३.४ | ५३.६ | ५३.५० | ३.४५ |
| ४ | ४६.२ | ४६.५ | ४६.३५ | ३.४६ |
| ५ | ४०.७ | ४१.० | ४०.८५ | ३.४५ |

सरासरी X = ३.४५ ओहम.

ही गुणोत्तराची पद्धत, म्हणून R खरोखर किती हे आधी ठाऊक असायला हवं. १८४३ मध्ये ओहम नावाचं एककच नव्हतं. व्हीटस्टनने स्वतःपुरतं एकक ठरवलं: एक फूट लांब आणि १०० ग्रेन वजनाची तांब्याची तार. लांबी आणि वजन सांगितलं की कुणालाही तसाच रोध बनवता येईल, असा त्यामागचा विश्वास. तो विश्वास तार खात्याच्या कामाने मोडला. समुद्राखालच्या केबलसाठी आणलेलं तांबं तपासताना विल्यम थॉमसनला १८५७ मध्ये आढळलं की एकाच लांबीच्या आणि एकाच जाडीच्या तारा वेगवेगळ्या ठिकाणच्या तांब्याच्या असल्या तर त्यांचा रोध बराच वेगळा येतो. तांब्यातली थोडीशी भेसळही वाहकता चांगलीच खाली आणते.

तेव्हापासून रोधकता हा व्यवहाराचा प्रश्न झाला. तारेचा रोध तिच्या लांबीवर आणि जाडीवर ठरतो. ते दोन्ही बाजूला काढल्यावर जे उरतं ते त्या द्रव्याचं. केबलचं तांबं विकत घेणाऱ्याला नेमकं तेच तपासायचं होतं. एककासाठी मग व्हेर्नर सीमेन्सने १८६० मध्ये पारा सुचवला, कारण पारा शुद्ध करता येतो आणि काचेच्या नळीत त्याचा आकार नेमका ठरतो. पुढच्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनने रोधाच्या मानकांसाठी समिती नेमली आणि तिच्या कामातून ओहमचं प्रमाण आलं. आपल्या रोधपेटीत पितळी खुंटीखाली दडलेली वेटोळी त्या खटाटोपाची वारस आहेत.

आता आपल्या तारेची रोधकता काढू. स्क्रू गेजने व्यास d = ०.३८ मिलिमीटर आला आणि खाचेतल्या दोन स्क्रूंमधली लांबी L = ०.८०० मीटर आहे.

ρ = π d² X / 4L

आकडे घातले की उत्तर येतं ४.८९ × १०⁻⁷ ओहम-मीटर. कॉन्स्टंटनसाठी पुस्तकात ४.९ × १०⁻⁷ असतं, तेव्हा उत्तर चांगलं आहे. पण त्यावर लगेच खूश होऊ नका. ब्रिजच्या मध्याजवळ संतुलन बिंदू वाचताना एक मिलिमीटरची चूक झाली तर X मध्ये जेमतेम ०.४ टक्का फरक पडतो. स्क्रू गेजवर मात्र एका भागाची चूक झाली, ०.३८ ऐवजी ०.३९ वाचलं, तर व्यासाचा वर्ग होत असल्याने रोधकता ५.१५ × १०⁻⁷ होते. पाच टक्क्यांची चूक! विद्यार्थी जॉकीवर वीस मिनिटं घालवतात आणि व्यास एकाच ठिकाणी एकदाच घेतात. वेळ उलट वाटायला हवा. स्क्रू गेजची शून्य त्रुटी आधी पाहावी. व्यास तारेवर पाच-सहा ठिकाणी घ्यावा, आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी, कारण वापरून वापरून तार चपटी झालेली असते.

R असा निवडावा की बिंदू मध्याजवळ येईल, असं पुस्तक सांगतं. त्याचं कारण तारेच्या टोकांशी आहे. तार जिथे तांब्याच्या पट्टीला डाखलेली असते तिथे थोडा जास्तीचा रोध असतो. तो तारेच्या समजा ०.३ सेंटिमीटरएवढा दोन्ही टोकांना आहे. बिंदू १० सेंटिमीटरवर आला तर खरं गुणोत्तर १०.३ भागिले ९०.३ असतं आणि आपण लिहितो १० भागिले ९०. चूक जवळजवळ तीन टक्क्यांची. बिंदू ५० वर असेल तर दोन्हीकडची भर एकमेकींना फेडते. X आणि R यांच्या जागा बदलून सरासरी घेतली की दोन टोकांच्या रोधांतला फरक निघून जातो, पण त्यांचा समान भाग निघत नाही. त्यासाठी मध्याजवळच राहावं लागतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या केरी फॉस्टर यांनी १८७२ मध्ये जागा बदलण्याची हीच युक्ती पुढे नेली. त्यांच्या ब्रिजमध्ये दोन रोधांची अदलाबदल केल्यावर बिंदू किती सरकला तेवढंच मोजायचं असतं, त्यामुळे टोकांचा हिशेब पूर्णच गळून जातो.

एक दोष जागा बदलूनही जात नाही. रोधपेटीची खुंटी सैल असली तर R मध्ये गुपचूप भर पडते. ती ०.१ ओहम असेल तर २ ओहमच्या नोंदीत पाच टक्के चूक होते आणि ५ ओहमच्या नोंदीत दोन. म्हणून तक्त्यात R वाढेल तसा X एकाच दिशेने वाढत गेलेला दिसला तर खुंट्या पिळून घट्ट कराव्यात आणि नोंदी नव्याने घ्याव्यात. चुका नुसत्या हातून घडलेल्या असतील तर X मागेपुढे होतो, वरच्या तक्त्यात झालाय तसा.

जोडणी बरोबर आहे का हे पाहायला जॉकी आधी दोन्ही टोकांना टेकवावी. काटा विरुद्ध बाजूंना गेला पाहिजे. दोन्हीकडे एकाच बाजूला जात असेल तर खाचेतलं एखादं टोक सुटलेलं असतं. जॉकी टेकवायची आणि उचलायची, तारेवर घासत न्यायची नाही. घासलेल्या जागी तार बारीक होते आणि एकसमानतेचा आधारच जातो. नोंद घेण्यापुरतीच कळ दाबावी, नाहीतर तार तापते. कॉन्स्टंटन किंवा मँगॅनिनचा रोध तापमानाने फारसा बदलत नाही, पण हाताच्या उबेने जॉकीचं पितळ आणि तार यांच्या सांध्यात स्वतःचं इवलंसं विभवांतर उभं राहतं. ओमला जे स्थिर स्रोत म्हणून उपयोगी पडलं तेच इथे त्रास देतं. घटाची कळ उघडी ठेवून जॉकी टेकवली आणि तरीही काटा हलला, तर ते हेच. घटाची टोकं उलटी करून दुसरी नोंद घ्यावी आणि दोन्हींची सरासरी धरावी.

जमिनीखालच्या केबलमध्ये एखादी तार मातीला टेकली तर ती जागाही याच जोडणीने सापडते. हिला मरे लूप म्हणतात. केबलमधली बिघडलेली तार आणि तेवढ्याच जाडीची एक चांगली तार पलीकडच्या टोकाला एकत्र बांधायच्या. अलीकडची दोन टोकं मीटर ब्रिजच्या तारेच्या दोन टोकांना जोडायची, त्याच टोकांमध्ये गॅल्व्हानोमीटर घालायचा आणि घट जॉकी व जमीन यांच्यामध्ये लावायचा. केबल ५०० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन तार १००० मीटर झाली. बिघडलेल्या तारेच्या टोकापासून १८.४ सेंटिमीटरवर काटा शून्य झाला तर दोष १८४ मीटरवर आहे, तिथे खणायचं. तार मातीला नीट टेकलीय की जेमतेम, हे माहीत नसलं तरी चालतं, कारण तो रोध घटाच्या वाटेत येतो.