डिपॉझिट कापलंय? कशाचे पैसे कापणं बरोबर आणि कशाचे नाही

आमच्याकडे रेंट ॲग्रीमेंट करायला येणारे बरेचसे लोक अकरा महिन्यांनी किंवा दोन-तीन वर्षांनी परत येतात ते एकाच तक्रारीने, फ्लॅट सोडला, चावी दिली, आणि मालक आता डिपॉझिट देत नाहीये किंवा निम्मंच देतोय. मालकही येतात बरं का, की भाडेकरूने घराची वाट लावली आणि वर पूर्ण पैसे मागतोय. दोघंही आमचे कस्टमर आहेत, त्यामुळे हे पत्रक कुणा एकाच्या बाजूने नाही. पुण्या-मुंबईत जे लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट होतं त्याच्याबद्दलच यात लिहिलंय.

आधी मूळ गोष्ट. डिपॉझिट हे भाडेकरूचेच पैसे असतात, मालकाकडे फक्त ठेवलेले. त्यातून कापायचं असेल तर काय नुकसान झालं आणि ते दुरुस्त करायला किती लागले हे मालकाने दाखवायचं असतं. "घर नीट नव्हतं ठेवलं" एवढं म्हणून भागत नाही. बहुतेक ॲग्रीमेंटमध्ये एक वाक्य असतंच की भाडेकरूने घर जसं घेतलं तसं परत करायचं, नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून. सगळी भांडणं या शेवटच्या चार-पाच शब्दांवर असतात.

झीज म्हणजे घरात माणूस नीट राहिला तरी जे होणारच ते. भिंतीचा रंग फिका पडणं, स्विचबोर्डच्या आजूबाजूला हाताचे डाग, नळाचा वायसर जाणं, दाराचं बिजागर ढिलं होणं, खिडकीचं रबर कडक होणं, गिझरची कॉइल जाणं. नुकसान म्हणजे कुणीतरी काहीतरी केलं म्हणून झालं ते, फुटलेली टाईल, जळालेला ओटा, तुटलेला काचेचा दरवाजा, मुलांनी क्रेऑनने रंगवलेली भिंत. आणि तिसरा प्रकार लोक विसरतात, तो म्हणजे बिल्डिंगचाच दोष. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून ओल आली आणि सीलिंगचा पोपडा उडाला तर त्याचा भाडेकरूशी काहीही संबंध नाही, पण ओल दिसल्यावर त्याने मालकाला कळवलं पाहिजे. कळवलंच नाही आणि आठ महिन्यांत कपाट फुगून सडलं तर मग कपाटाची थोडी जबाबदारी त्याच्यावर येते असं आमचं मत आहे.

आता आकड्यांत बघू. समजा वाकडला एक टू बीएचके आहे, भाडं 23,000, डिपॉझिट 70,000. भाडेकरू 33 महिने राहिला, म्हणजे अकरा-अकरा महिन्यांची तीन ॲग्रीमेंट. घर सोडल्यावर मालकाने व्हॉट्सॲपवर हिशोब टाकला: पेंटिंग 23,000, गिझर 7,500, बेसिन 4,800, क्लीनिंग 4,000, लाईट बिल 1,900. एकूण 41,200 कापले आणि हातात 28,800.

पेंटिंगपासून सुरू करू कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. भाड्याच्या घरातला साधा रंग साधारण तीन ते पाच वर्षं चालतो, आपण मधला चार वर्षांचा म्हणजे 48 महिन्यांचा हिशोब धरू. राहायला आला तेव्हा घर नुकतंच रंगवलेलं होतं असं मानू. 33 महिन्यांनी रंग मळलाय ही झीज, त्याचे पैसे शून्य. पण छोट्या बेडरूममध्ये मुलांनी क्रेऑनने भिंती भरल्यात आणि ते धुऊन जात नाहीये, हे नुकसान. तेवढी एक खोली रंगवायचे पेंटरने 6,000 सांगितले. तरी पूर्ण 6,000 नाही कापायचे, कारण त्या रंगाचं 48 पैकी 15 महिन्यांचंच आयुष्य उरलं होतं, बाकीचं मालकाने वापरून घेतलंय, भाड्याच्या रूपाने. 6,000 चे 15/48 म्हणजे 1,875. यालाच घसारा म्हणतात, आणि ज्या मालकाने नवीन रंगाचे पूर्ण पैसे जुन्या भाडेकरूकडून घेतले त्याला तो रंग फुकट पडला, हे बरोबर नाही.

गिझर आठ वर्षं जुना. त्या भागात टँकरचं पाणी भरपूर वापरलं जातं, क्षार जास्त, कॉइलवर पांढरा थर बसून बसून ती जाते. मेकॅनिकने उघडला की हा थर डोळ्यांना दिसतो, त्याचा फोटो काढून ठेवा कारण तोच पुरावा. हे शून्य. हां, टाकीत पाणी नसताना गिझर चालू ठेवून तो जाळला असं मेकॅनिकने लेखी दिलं तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही आठ वर्षांच्या गिझरचे नव्या गिझरएवढे पैसे होत नाहीत.

बेसिन भाडेकरूकडूनच फुटलं, वरून स्टीलची जड बाटली पडली आणि तडा गेला, त्याला स्वतःलाही मान्य आहे. मालकाने 4,800 लावलेत कारण त्याने बदलताना काउंटरवालं भारी बेसिन बसवलं. तसं चालत नाही, होतं तसंच साधं बेसिन धरायचं, 2,400 चं, आणि प्लंबरची मजुरी 900. बेसिन सहा वर्षं जुनं होतं, सिरॅमिकचं आयुष्य पंधरा वर्षं धरलं तर नऊ उरलेली, म्हणजे 2,400 चे 1,440. मजुरी मात्र पूर्ण, कारण हा प्लंबर आत्ता बोलवायची वेळ भाडेकरूमुळेच आली. (मग पेंटरच्या मजुरीवर घसारा का लावला, असं लोक विचारतात. तर पेंटर सव्वा वर्षाने तसाही येणारच होता, बेसिन कुणी बदलणार नव्हतं.) झाले 2,340.

क्लीनिंगला बघायचं ते एवढंच की घर मिळालं तेव्हा कसं होतं. सगळं घर डीप क्लीन करून दिलं नव्हतं तर तसं परत मागता येत नाही. इथे किचनच्या एक्झॉस्टवर आणि टाईल्सवर तेलाचा जाड थर राहिला होता, तेवढ्याचे 1,500 रास्त आहेत. लाईट बिल भाडेकरूचंच, मीटरचं रीडिंग बिलाशी जुळतंय, 1,900 पूर्ण द्यायचे.

बेरीज केली तर 1,875, 2,340, 1,500 आणि 1,900, एकूण 7,615. म्हणजे परत मिळायला हवेत 62,385, आणि मालक देतोय 28,800. फरक 33,585 चा. रंगाचं नि बेसिनचं आयुष्य किती धरायचं हे कायद्यात कुठे छापलेलं नाही, तीन-चार हजार इकडे-तिकडे होऊ शकतात, पण तेहतीस हजार नाही होत.

"एक महिन्याचं भाडं पेंटिंगला" असा क्लॉज सही करताना नीट वाचा, कारण दोन प्रकारे लिहिलेला असतो. "नुकसान झाल्यास एक महिन्याचं भाडं कापलं जाईल" असं असेल तर कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट 1872 चं कलम 74 मदतीला येतं, त्यात ठरवलेली रक्कम ही वरची मर्यादा असते आणि भरपाई रास्त तेवढीच मिळते. सुप्रीम कोर्टानेही 2015 मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध डीडीए या केसमध्ये सांगितलंय की या कलमाखाली भरपाई मागायची तर मुळात तोटा झालेला असावा लागतो. पण "घर सोडताना पेंटिंग चार्ज म्हणून एक महिन्याचं भाडं द्यावं लागेल" असं सरळ लिहिलं असेल आणि तुम्ही सही केली असेल तर तो ठरलेला चार्ज झाला, नंतर भांडणं फार अवघड जातं. म्हणून आम्ही ड्राफ्ट दाखवतो तेव्हाच यावर बोला.

भाडेकरूंनी एक चूक अजिबात करू नका, ती म्हणजे डिपॉझिट मिळेपर्यंत चावी अडवून ठेवणं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 प्रमाणे मुदत संपल्यावर घर ताब्यात ठेवलं तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. 23,000 चे 46,000 होतील, डिपॉझिट त्यातच संपेल. मुदत संपायच्या आधीच, शेवटच्या आठवड्यात, दोघांनी मिळून घर बघा आणि तिथेच हिशोब लिहा, मग चावी आणि पैसे एकाच वेळी द्या-घ्या. शेवटचे दोन महिने भाडं न देता डिपॉझिटमधून वळतं करायचं असेल तर मालकाचा लेखी होकार घ्या, परस्पर केलं तर ॲग्रीमेंट तुम्ही मोडलं असं होतं.

ॲग्रीमेंट रजिस्टर करणं ही याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. रजिस्टर नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पाचशे-हजार वाचवायला साध्या स्टँपवर लिहून घेणाऱ्या मालकांनी हे लक्षात घ्यावं, कापलेले पैसे बरोबर असले तरी दाखवायला अटच हातात राहत नाही.

पैसे अडकलेच असतील तर आधी मालकाला लेखी मेसेज करा की प्रत्येक कपातीचं बिल आणि फोटो पाठवा. मग आपला हिशोब वरच्यासारखा आयटम-आयटमने लिहून पाठवा, जे आपल्याकडून झालं ते मान्य करून, कारण सगळंच नाकारणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. मालक थोडे पैसे देत असेल तर घ्या, पण "फुल अँड फायनल" लिहिलेल्या कागदावर सही करू नका, "बाकी रक्कम येणे आहे" असं उत्तर टाका. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर वकिलाकडून स्पीड पोस्टाने नोटीस, त्यात व्याजही मागा. ॲग्रीमेंटमध्ये डिपॉझिट बिनव्याजी असलं तरी ते राहत असतानाचं, लेखी मागणी करूनही पैसे दिले नाहीत तर तिथून पुढचं व्याज कोर्ट देऊ शकतं. पोलिसांत गेलात तर हा दिवाणी मामला आहे असंच बहुधा सांगतील. दाव्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण इतकं थांबू नका, नवीन भाडेकरू आला की जुने डाग कुणाचे हे कुणीच सांगू शकत नाही.

आमच्याकडे येताना ॲग्रीमेंटची कॉपी, डिपॉझिट ट्रान्सफर केल्याची बँक एंट्री, घर घेतानाचे आणि सोडतानाचे फोटो, मीटर रीडिंगचा फोटो आणि मालकाशी झालेलं सगळं चॅट घेऊन या. घर घेतानाचे फोटो नसतील तर ब्रोकरने तेव्हा पाठवलेले व्हिडिओ शोधा, त्यात भिंती, बेसिन, गिझर सगळं दिसतं आणि तारीखही असते.