नंबर देण्याआधीचा एक प्रश्न

देवगडच्या एका कलमवाल्याच्या घरातला सव्वीस वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. हा खरा कुणी नाही, उदाहरणापुरता घेतलाय. जानेवारीत ढगाळ हवा राहिली, मोहोरावर तुडतुडे पडले, फवारण्या करूनही फळ धरलं नाही आणि सोसायटीचं कर्ज थकलं. रात्री एक वाजता फोनमधल्या मनःस्वास्थ्याच्या चॅटवर तो लिहितो: ‘यंदा बाग गेली. डोळा लागत नाही. काम करून जीव जातो आणि हातात काही नाही. मी नसलो तर घरच्यांचा निदान एक भार तरी कमी होईल.’

आता चॅटमधल्या सॉफ्टवेअरला उत्तर द्यायचंय. नुसते शब्द हुडकणारी यंत्रणा ‘जीव जातो’ला अडखळेल. पण मे महिन्यात आमच्याकडे उकाड्याने सगळ्यांचाच जीव जातो, त्यात काळजीचं काही नसतं. धोका शेवटच्या वाक्यात आहे आणि तिथे मरण हा शब्दसुद्धा नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉयनर यांनी 2005 मध्ये मांडलेल्या सिद्धांतात, आपण इतरांवर ओझं झालोय ही भावना आत्महत्येच्या विचारामागचं एक मुख्य कारण मानली आहे. दुसरं कारण म्हणजे आपलं कुणी नाही असं वाटणं. म्हणून चांगली यंत्रणा सुटा शब्द न पाहता सगळा मजकूर पाहते: झोप उडालीय का, माणूस स्वतःला वजा करून बोलतोय का, निरोपाची भाषा येतेय का.

तरीही ती चुकणार, आणि किती चुकणार याचं साधं गणित मांडता येतं. समजा, हजार जणांनी चॅट केलं आणि त्यांतले दहाच जण खरोखर धोक्यात आहेत. यंत्रणा दहांपैकी नऊ जणांना बरोबर ओळखते आणि उरलेल्या 990 पैकी फक्त पाच टक्क्यांबाबत उगाच घाबरते. ऐकायला हे फार छान वाटतं. पण 990 चे पाच टक्के म्हणजे जवळपास पन्नास माणसं. एकूण इशारे साधारण साठ, त्यांतले खरे नऊ. धोक्यातला एक जण निसटला तो वेगळाच. धोका मुळात विरळ असला की हे असंच होतं. यंत्रणा आणखी हुशार केली तरी थोडंफार उरतंच.

या गणितावरून उत्तराचा घाट ठरतो. इशारा वाजला की लगेच हेल्पलाइनचा नंबर फेकून गप्प बसायचं, ही बऱ्याच चॅटची सवय असते. नुसत्या थकलेल्या पन्नास जणांना त्यातून एकच कळतं, की इथे मन मोकळं केलं तर समोरचा दार लावून घेतो. पुढच्या वेळी ती माणसं जपून लिहितात, आणि जपून लिहिलेल्या मजकुरात काही ओळखणं आणखी अवघड. म्हणून इशारा आणि नंबर यांच्या मध्ये एक प्रश्न हवा. आपल्या उदाहरणातल्या मुलासाठी उत्तर साधारण असं लिहिता येईल:

‘वर्षाची मेहनत गेली, वर कर्ज आणि झोपही नाही. हे फार झालं. तुम्ही लिहिलंत की तुम्ही नसलात तर भार कमी होईल, म्हणून स्पष्टच विचारतो. स्वतःला संपवण्याचे विचार मनात येतात का?’

यात त्याचंच म्हणणं त्याच्यापुढे ठेवलंय, अनुमान काढलेलं नाही. प्रश्न आडवळणाने नाही. ‘असं काही वेडंवाकडं मनात नाही ना?’ असं विचारलं की माणूस हमखास ‘नाही’ म्हणतो, कारण प्रश्नातच उत्तर सांगून ठेवलेलं असतं.

विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती डॉक्टरांनाही वाटायची. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर ही गोष्ट तपासली गेली. निम्म्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. विचारलेल्या मुलांचा त्रास वाढला नाही.

मुलगा ‘नाही, फक्त वैतागलोय’ म्हणाला तर चॅटने ते ऐकून घ्यावं, झोपेबद्दल आणि कर्जाबद्दल बोलावं आणि नंबर सहज सांगून ठेवावा. ‘हो, येतात’ म्हणाला तर पुढचे प्रश्न थोडे आणि कामाचे: कसं करायचं ते ठरवलंय का? ते साधन हाताशी आहे का? घरात आत्ता कोण जागं आहे? आंब्याच्या घरात दुसऱ्या प्रश्नाला फार वजन आहे, कारण फवारणीची औषधं बहुतेक वेळा पडवीतच असतात. तीव्र आवेगाची वेळ अनेकदा थोडी असते. तेवढ्यात साधन लांब असलं तर माणूस वाचू शकतो. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि 1995 नंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी घटलं. तेव्हा उत्तरात सरळ लिहावं: वडिलांना किंवा काकांना उठवा, फवारणीची औषधं त्यांना कुलपात ठेवून किल्ली जवळ ठेवायला सांगा, आणि आज रात्री एकटे राहू नका.

नंबर येतो तो इथे. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 वर रात्रीबेरात्रीही मराठीत बोलता येतं. जिवाला तात्काळ धोका असेल तर 112. नंबराबरोबर पलीकडे काय होईल हेही सांगावं, कारण ‘मनाचा डॉक्टर’ म्हटलं की आपल्याकडे अजून थेट रत्नागिरीचं मनोरुग्णालयच डोळ्यांपुढे येतं. प्रशिक्षित माणूस फोन घेतो, ऐकतो, गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञाकडे जोडून देतो. पोलीस केसची धास्तीही लोकांना गप्प ठेवते. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो, की वेगळं सिद्ध होत नाही तोवर आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही.

चॅटने काय करू नये, ते या मुलाच्या बाबतीत अगदी ठळक दिसतं. ‘तुम्हाला डिप्रेशन आहे’ असं निदान करू नये. झोपेची गोळी सुचवू नये. वडिलांशी असलेल्या नात्याची उकल करत बसू नये. तिथे जखम उघडी पडली तर ती बांधायला पुढच्या आठवड्यात समोर कुणी नसतं. उपचार करणारा माणूस चेहरा पाहतो, घरच्यांशी बोलतो, पुन्हा बोलावतो, आणि रुग्ण आला नाही तर चौकशी करतो. चॅटला यांतलं काहीच जमत नाही. ‘मी कायम तुमच्यासोबत आहे’ हे वाक्य मला सगळ्यांत घातक वाटतं. ते खोटं आहे, आणि रात्री एक वाजता ते खरं वाटलं की माणूस शेजारच्या खोलीतल्या वडिलांना उठवत नाही. ‘हे कुणालाही सांगणार नाही’ असं वचनही तसंच. चॅट चालवणाऱ्यांनी अशा वेळी एखाद्या खऱ्या माणसाला कळवायची व्यवस्था ठेवली असेल, तर ते आधीच सांगायला हवं.

शेवटचा संदेशही हाताला धरून लिहावा लागतो. ‘फोन करा’ एवढ्यावर बरेच जण फोन करत नाहीत. ‘आत्ता लावता का, की वडिलांना लावायला सांगता?’ असं विचारलं की दोन्ही उत्तरांत दुसरं माणूस येतं. लाइन लागली नाही तर काय, हेही त्याच संदेशात हवं: पुन्हा एकदा लावा, तरीही नाही लागली तर 112, आणि तोवर घरातलं कुणीतरी जवळ बसलेलं असू द्या. यानंतर मुलगा काहीच लिहीत नसेल, तर तो फोनवर बोलतोय की झोपलाय की आणखी काही, हे चॅटला कळायला मार्ग नाही. म्हणून वडिलांना उठवायचं ते नंबर सांगण्याच्या आधी, संभाषण चालू असतानाच.