ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांची तपासणी: काय न्यायचं, काय सांगायचं, कधीपासून उपाशी राहायचं

ठरवून होणाऱ्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ रुग्णाला तपासून ‘फिटनेस’ देतात. हे काम आदल्या रात्रीवर ठेवू नका. काही गोळ्या आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात, त्यामुळे तपासणीही त्याआधी व्हायला हवी. रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, जुनी डिस्चार्ज कार्डं आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. संमतीपत्रावर सही रुग्णाची, १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची.

समजा, ५८ वर्षांच्या गृहस्थांचं हर्नियाचं ऑपरेशन सकाळी ९ वाजता आहे. त्यांना मधुमेह आणि बीपी आहे, शिवाय हृदयात स्टेंट. अशा ऑपरेशनला बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. पोटावरची मोठी किंवा दुर्बिणीची ऑपरेशनं सहसा पूर्ण भूल देऊन होतात, तर हाताच्या ऑपरेशनला कधी नुसता हातच बधिर करून भागतं.

या गृहस्थांची अडचण क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी. ती चालू असताना पाठीत सुई गेली, तर मज्जारज्जूभोवती रक्त साचून पाय लुळे पडण्याचा धोका असतो, म्हणून ती साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात. पण स्टेंट असताना ती मनानं बंद केली, तर स्टेंटच बंद पडू शकतो. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून घेतात.

साखरेसाठीची डापाग्लिफ्लोझिन ३ दिवस आधी थांबवतात. उपाशीपोटी तिच्यामुळे रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि साखर मात्र नॉर्मल दिसते, म्हणून लक्षात येत नाही. बीपीची मेटोप्रोलॉल नेहमी घेत असाल तर त्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत घ्यायची असते. बीपीचीच दुसरी गोळी टेल्मिसार्टन मात्र बहुतेक वेळा त्या सकाळी टाळायला सांगतात, कारण भुलीत बीपी फार उतरतं. साखरेसाठी किंवा वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाईडचं इंजेक्शन, काढे, चूर्णं, तंबाखू, दारू हेही सांगा. घरात कुणाला भुलीचा त्रास झाला असेल, तर तेही.

आता उपास. भुलीत गिळण्या-खोकण्याची क्रिया थांबते आणि पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. ९ च्या ऑपरेशनला हलकं जेवण पहाटे ३ पर्यंत चालतं, म्हणजे रोजच्या वेळचं भाकरी-भाजीचं जेवण अगदी ठीक. मटण किंवा तळलेलं असेल तर ८ तास हवेत. साधं पाणी सकाळी ७ पर्यंत प्यायला हरकत नसते, भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं नसेल तर. बाळाचं अंगावरचं दूध ४ तास आधी बंद.

घोटाळा होतो तो चहाचा. दुधाचा चहा पाण्यात नाही, जेवणात धरतात: ६ तास. पाठीत इंजेक्शन असलं तरी सूट नाही, कारण ते पुरेसं लागू पडलं नाही तर ऐन वेळी पूर्ण भूल द्यावी लागते. पहाटे कपभर घेतलाच असेल तर टेबलावर जाण्याआधी सांगून टाका. ऑपरेशन काही तास पुढे जाईल, इतकंच.