पिव्हटमागचा ‘काल’: सकाळच्या पातळ्या आल्या कुठून

शेअर बाजार उघडण्याआधी, सकाळी नऊच्या आत, मी नोंदवहीत निफ्टीच्या पाच पातळ्यांचे आकडे लिहितो. मधे पिव्हट म्हणजे कालच्या भावांची सरासरी P, वर R1 आणि R2 हे दोन अडथळे, खाली S1 आणि S2 हे दोन आधार. कालचा उच्चांक H, नीचांक L आणि बंद भाव C एवढ्यावरच हे पाचही निघतात:

```
P  = (H + L + C) / 3
R1 = 2*P - L     S1 = 2*P - H
R2 = P + (H - L) S2 = P - (H - L)
```

हे गणित शिकागोच्या वायदे बाजारातलं. तिथे पिटमध्ये उभं राहून हातवारे आणि ओरडा यांवर सौदे व्हायचे. आपल्याकडे १९९५ मध्ये पडद्यावरचे व्यवहार येईपर्यंत दलाल स्ट्रीटच्या रिंगमध्ये असंच चालायचं. पिटमधल्या माणसाच्या डोळ्यांसमोर चार्ट नसायचा. सौद्यांच्या धांदलीत गणित करायलाही उसंत नसायची. म्हणून बाजार उघडण्याआधीच कागदावर बेरीज-वजाबाकी करून तो आकडे मांडायचा आणि कार्ड खिशात टाकून उतरायचा. सूत्र इतकं साधं का, याचं उत्तर त्या खिशातल्या कार्डात आहे. पातळ्यांना ‘फ्लोअर पिव्हट’ हे नावही त्यावरूनच पडलं.

R1 आणि S1 यांच्यातलं अंतर नेहमी कालच्या चढ-उताराएवढंच भरतं. R1 मधून S1 वजा करा, H − L उरतं. म्हणजे कालचा पट्टा तेवढ्याच रुंदीचा ठेवून पिव्हटभोवती पुन्हा मांडलेला असतो, आणि बंद भाव वरच्या टोकाला झाला असेल तर तो वर सरकलेला असतो. तिथे खरेदीदार बसलेत की नाही, हे सूत्राला ठाऊक नसतं. पण पिटमधल्या बऱ्याच जणांच्या कार्डावर तेच आकडे असायचे, त्यामुळे भाव तिथे आला की अनेकांचे हात एकदम हलायचे.

यासाठी एक गोष्ट गृहीत होती: ‘काल’ म्हणजे काय, याबद्दल सगळ्यांचं एकमत. शिकागोत धान्याच्या पिटची सकाळी साडेनऊ ते दुपारी सव्वा ही वेळ कित्येक वर्षं ठरलेली होती. घंटा झाली की दिवस संपला. मग १९९२ मध्ये शिकागोच्या मर्कंटाइल एक्स्चेंजनं ग्लोबेक्स ही संगणकी व्यवस्था आणली, पिट बंद असतानाही वायद्यांचे सौदे होऊ लागले. रात्रीचा उच्चांक धरायचा की फक्त पिटचा? दोघांनी दोन पद्धतींनी धरलं, तर सूत्र एकच असूनही पातळ्या दोन. २०१५ च्या जुलैत तिथले बहुतेक वायदे-पिट बंद झाले. सूत्र मागे राहिलं, दिवसाला काठ देणारी घंटा मात्र गेली.

आपल्याकडे निफ्टीचा दिवस ठरलेला आहे, सव्वानऊ ते साडेतीन. तरीही घोळ होतो, तो बंद भावात. एनएसईच्या अनेक वर्षं चालत आलेल्या पद्धतीत शेअरचा बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची, संख्येनुसार काढलेली सरासरी. निर्देशांकाचा बंदही अशाच भावांवरून निघतो. साडेतीनला पडद्यावर दिसलेला शेवटचा आकडा वेगळा असू शकतो.

समजा, निफ्टीचा उच्चांक २४,८५०, नीचांक २४,६१० आणि अधिकृत बंद २४,७९० आहे. बेरीज ७४,२५०, पिव्हट २४,७५०. R1 येतो २४,८९० आणि S1 २४,६५०. R2 २४,९९० आणि S2 २४,५१०. आता कुणी शेवटचा आकडा २४,७६० धरला, तर पिव्हट २४,७४०, R1 २४,८७० आणि S1 २४,६३०. बंद भावातला तीस अंकांचा फरक पिव्हटमध्ये दहा आणि R1-S1 मध्ये वीस अंकांनी उतरतो. माझ्या आणि एका मित्राच्या पातळ्या कित्येक दिवस जुळेनात. सूत्र दहादा तपासलं. शेवटी कळलं, त्याचा चार्ट शेवटचा सौदा धरत होता. ओळखायची खूण सोपी आहे: दोघांच्या R1 आणि S1 मधलं अंतर सारखंच (इथे २४०), पण सगळा संच एकाच दिशेला सरकलेला. अंतरच वेगळं निघालं, तर उच्चांक किंवा नीचांक चुकलाय.

दुसरी अडचण रात्रीची. गिफ्ट निफ्टी, म्हणजे गुजरातच्या गिफ्ट सिटीतला निफ्टीचा वायदा, २०२३ च्या जुलैपासून रात्री उशिरापर्यंत चालतो, आपल्या H, L, C मध्ये त्यातलं काहीच नसतं. वरच्याच उदाहरणात निफ्टी सकाळी २५,०२० ला उघडला, तर पाचही पातळ्या खाली राहिल्या. अशा दिवशी R2 ला आधार म्हणून ओढूनताणून वापरलेलं मी पाहिलंय, मला ते पटत नाही. कालचा पट्टा रात्रीतच मागे पडलेला असतो.

म्हणून माझ्या नोंदीत पाच आकड्यांच्या वर एक ओळ असते: कुठल्या तारखेचा दिवस, निर्देशांकाचा की वायद्याचा, आणि बंद भाव अधिकृत की शेवटच्या सौद्याचा.